एनपीएस आणि म्युच्युअल फंड: हिशेब एकत्र मांडा

एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, 2009 पासून सर्वांसाठी खुली आहे. सरकारी योजना म्हटल्यावर पैसे सुरक्षित, असं अनेकजण गृहीत धरतात. पण सरकारने इथे नियम घालून दिलेत, परताव्याची हमी दिलेली नाही. नेहमीच्या ‘ॲक्टिव्ह चॉइस’मध्ये 75 टक्क्यांपर्यंत रक्कम शेअर बाजारात जाऊ शकते, आणि बाजार पडला की तीही घसरते.

समजा, खासगी नोकरीतल्या 45 वर्षांच्या एका बाईंचे 20 लाख इक्विटी म्युच्युअल फंडांत आहेत आणि 10 लाख एनपीएसमध्ये. एसआयपी जोखमीची, एनपीएस बिनधोक, अशी त्यांची समजूत. पण एनपीएसमधले 75 टक्के, म्हणजे साडेसात लाख, शेअर्समध्येच आहेत. एकूण 30 लाखांपैकी साडेसत्तावीस लाख बाजारात! हा आकडा दोन्ही खाती शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही, म्हणून वर्षातून एकदा तरी ती तशी ठेवावीतच.

आता त्यांना शेअर्सचा वाटा 75 टक्क्यांवर, म्हणजे साडेबावीस लाखांवर आणायचा आहे. फंडातले पाच लाख विकले आणि त्यात अडीच लाख दीर्घकालीन नफा असला, तर पहिले सव्वा लाख करमुक्त. उरलेल्या सव्वा लाखावर साडेबारा टक्क्यांनी 15,625 रुपये कर, वर सेस. त्याऐवजी फंडांना हात न लावता त्यांनी एनपीएसच्या खात्यात लॉगइन करून शेअर्सचं प्रमाण 75 वरून 25 टक्क्यांवर आणावं आणि बाकीचं सरकारी व कंपनी रोख्यांकडे वळवावं. तेच पाच लाख हलतात, कर शून्य. असा बदल वर्षातून चार वेळा करता येतो. माझ्या मते दोन्ही जोडीने ठेवण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. एक लक्षात ठेवावं: पुढचे हप्तेही याच नव्या प्रमाणात गुंतवले जातात.

मग सगळेच पैसे एनपीएसमध्ये का टाकू नयेत? कारण ते दीर्घकाळ अडकतात. मुलांचं शिक्षण, घर, गंभीर आजार अशा ठरावीक कारणांसाठी स्वतः भरलेल्या रकमेच्या फक्त 25 टक्के काढता येतात. या बाईंना 54 व्या वर्षी नोकरी सोडायची असेल, तर एनपीएसची मुदत पूर्ण होईपर्यंतचा घरखर्च म्युच्युअल फंडांतूनच निघायला हवा. मुदतीआधी खातं बंद केलं, तर रक्कम अगदी छोटी नसल्यास तिच्यातल्या 80 टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून मिळणारं पेन्शन, विकत घ्यावं लागतं. त्या पेन्शनवर दरवर्षी आपल्या टप्प्याप्रमाणे प्राप्तिकरही भरावा लागतो.