दोन कॅमेरे, एकच C0001
लेखमाला : संकलनाची खोली – भाग ७

सोलापूरची गड्डा यात्रा टिपायची तर एका कॅमेऱ्यावर भागत नाही. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा सुरू झाला की एक कॅमेरा समोरून लागतो, दुसरा उंचावरून. आणि घोटाळ्याची सुरुवात इथेच होते. सोनीच्या कॅमेऱ्यांत नवे कार्ड फॉरमॅट केले की बहुधा पहिली क्लिप C0001.MP4 या नावाने उमटते. दोन्ही कॅमेऱ्यांत तेच नाव.

रात्री थकल्या डोळ्यांनी दोन्ही कार्डे एकाच फोल्डरमध्ये ओतली, ‘रिप्लेस’ दाबले, की पहिल्या कॅमेऱ्याची क्लिप गेली. चूक लगेच कळतही नाही, कारण छोट्या चित्रात दोन्हीकडे पांढऱ्या बाराबंदीतली तीच गर्दी आणि तेच नंदीध्वज दिसतात.

उपाय साधा आहे: कॉपी करण्याआधीच फोल्डर तयार ठेवायचे.

```
2024_GADDA
  01_FOOTAGE
    D2_AKSHATA
      A_CARD1
      B_CARD1
  02_AUDIO
  03_PROJECT
  04_EXPORT
```

D2 म्हणजे यात्रेचा दुसरा दिवस. तैलाभिषेक D1, होम D3. कार्डातले सगळे फोल्डर जसेच्या तसे उतरवायचे. फक्त क्लिपा उचलू नयेत, कारण सोबतच्या XML फायलींत क्लिपची माहिती असते. मग कामाच्या प्रतीत नाव द्यायचे: D2_AKSHATA_A_C0001.MP4. शेवटचा मूळ क्रमांक मात्र पुसायचा नाही. तोच कार्डाच्या प्रतीकडे परत नेतो. आणि हे बारसे प्रीमियरमध्ये क्लिप घेण्याआधी उरकावे. प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्रीकरण नसतेच, फक्त त्याचा पत्ता असतो. नाव नंतर बदलले की पडद्यावर लाल ‘मीडिया ऑफलाइन’ झळकते.

कार्ड कधी पुसायचे? प्रत दोन डिस्कवर गेली आणि तपासली, त्यानंतरच. सेकंदाला १०० मेगाबिटने टिपलेले चित्रीकरण तासाला सुमारे ४५ जीबी भरते. साध्या हार्ड डिस्कवर ते उतरायला आठ-दहा मिनिटे पुरतात. फायलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का, ते आधी पाहावे. आकार जुळूनही आतला मजकूर बिघडलेला असू शकतो, म्हणून महत्त्वाच्या क्लिपचा हॅश मूळ कार्डावर आणि प्रतीवर काढून ताडून पाहतात. विंडोजवर आज्ञा अशी:

```
certutil -hashfile C0001.MP4 SHA256
```

एक अक्षरही वेगळे आले, तर ती प्रत रद्द.

आता राहिली तिसरी प्रत. दोन्ही डिस्क नवी पेठेतल्या एकाच कपाटात असतील, तर चोर दोन्ही एकदम नेतो. त्यामुळे तिसऱ्या प्रतीची डिस्क जुळे सोलापुरात भावाकडे किंवा मेहुण्याकडे ठेवलेली बरी. आपोआप जुळवून घेणारा सिंक मात्र बॅकअप समजू नये: इकडे चुकून पुसले की तिकडेही पुसले जाते.

महिन्यातून एकदा ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून प्रोजेक्ट उघडून पाहावा. ड्राइव्हचे अक्षर बदलल्याने क्लिपा ऑफलाइन दिसतील, पण घाबरू नये. आतली रचना तीच असेल, तर एक क्लिप शोधून दिली की बाकीच्या प्रीमियर बहुधा स्वतःच शोधतो.