दीड ग्रॅम लेसिथिनची करामत

मेयोनीजमध्ये पाच भागांतले चार भाग चक्क तेल असतं, आणि तरी ते बोटाला तेलकट लागत नाही. साहित्य बघा: एका अंड्याचा बलक, चमचाभर लिंबूरस, 150 मिलीलीटर तेल आणि मीठ. यातलं सगळं पाणी म्हणजे लिंबूरस आणि बलकातलं निम्मं वजन, जेमतेम पंचवीस मिलीलीटर. एवढ्याशा पाण्यात इतकं तेल मावतं कसं?

फेटताना तेलाचे बारीक थेंब होतात. प्रत्येक थेंब पाच मायक्रॉन व्यासाचा धरला, तर सगळ्या थेंबांचा मिळून पृष्ठभाग भरतो सुमारे 180 चौरस मीटर, म्हणजे दोन प्रशस्त फ्लॅटएवढा! तेलाला पाण्याशी एवढा संपर्क मुळीच नको असतो. मोकळं सोडलं की थेंब एकमेकांत मिसळून पुन्हा वर तरंगायला लागतात.

इथे लेसिथिन मध्ये पडतं. पॅरिसचा औषधनिर्माता थिओडोर गोब्ली याने 1846 साली ते बलकातून वेगळं केलं. त्याच्या रेणूला फॉस्फेटचं एक डोकं असतं, ते पाण्यात रमतं. आणि मेदाम्लांच्या दोन शेपट्या असतात, त्या तेलात शिरतात. असे रेणू खेटून उभे राहिले की थेंबाला बाहेरून पाण्याशी जमणारं आवरण मिळतं. एका बलकात लेसिथिन आणि त्याच्या जातीचे पदार्थ साधारण दीड ग्रॅम असतात. रेणूंचा एकेरी थर पसरला तर तेवढ्यात सातशे चौरस मीटर सहज झाकले जातील, गरजेच्या जवळजवळ चौपट!

अर्थात सगळं श्रेय लेसिथिनला देणं मला पटत नाही. बलकात ते प्रथिनांशी बांधलेल्या सूक्ष्म कणांत असतं, आणि थेंबांभोवतीच्या आवरणाला चिवटपणा येतो तो त्या प्रथिनांमुळे. नुसत्या लेसिथिनवर असं घट्ट मेयोनीज जमत नाही.

घट्टपणाचं कारण मात्र निव्वळ दाटी. तेल तीन चतुर्थांशांच्या आसपास गेलं की गोल थेंबांना जागा पुरत नाही, ते एकमेकांवर चेपले जातात आणि हलेनासे होतात. त्यापुढेही तेल घालतच राहिलं तर मेयोनीज फुटतं: आवरणाचा माल शिल्लक असतो, पण थेंबांमधलं पाणी संपतं. दुसरा धोका अगदी सुरुवातीला. तेल भसकन ओतलं तर फेटण्याला थेंब बारीक करायला सवडच मिळत नाही. म्हणून पहिले दोन-तीन चमचे तेल थेंबाथेंबानेच घालायचं.

मेयोनीज फार घट्ट होऊन चकाकायला लागलं, की चमचाभर पाणी घाला. फुटलंच, तर टाकू नका. वेगळ्या भांड्यात नवा बलक घ्या आणि फुटलेलं मिश्रण त्यात थेंबाथेंबाने फेटत जा. ते पुन्हा जमून येतं. बलक कच्चाच असतो, तेव्हा अंडी ताजी घ्या आणि उरलेलं मेयोनीज लगेच फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र नको, तिथे बर्फाच्या स्फटिकांनी आवरणं फाटतात.