पंधरा जूनचा अकरा महिन्यांचा करार संपतो कधी?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या मोठ्या गावात खोल्या भाड्याने जायला लागतात. बदली होऊन आलेले शिक्षक येतात, मुलांच्या शिक्षणासाठी वस्तीवरून गावात येणारी कुटुंबे येतात. म्हणून पुष्कळ करार एक तारखेला सुरू न होता पंधराच्या आसपास सुरू होतात. करारात मोठ्या अक्षरांत ‘मुदत अकरा महिने’ लिहिलेले असते. मुदत संपते कोणत्या दिवशी, ते मात्र पुष्कळदा लिहायचे राहून जाते.

समजा, करार १५ जून २०२५ रोजी सुरू झाला. चौघांना विचारले, तर शेवटची तारीख कोणी ३० एप्रिल सांगेल, कोणी १० मे, कोणी १५ मे, तर कोणी ३१ मे. साध्या हिशोबाने उत्तर आहे १४ मे २०२६. पहिला महिना १५ जूनला सुरू होऊन १४ जुलैला पुरा होतो, दुसरा १५ जुलैपासून १४ ऑगस्टपर्यंत चालतो. असे मोजत गेले की अकरावा महिना १५ एप्रिलला सुरू होतो आणि १४ मेच्या रात्री बाराला संपतो. नवा करार करायचा असेल, तर तो १५ मेपासून.

१० मे ही तारीख निघते ती महिना म्हणजे तीस दिवस धरल्यामुळे. अकरा गुणिले तीस, म्हणजे ३३० दिवस. पण १५ जून ते १४ मे या काळात प्रत्यक्ष ३३४ दिवस भरतात. कायद्याच्या भाषेत महिना हा कॅलेंडरचा महिना असतो आणि १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात त्याची व्याख्या तशीच आहे. २०१०मध्ये हिमाचल टेक्नो इंजिनिअर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. तिथे प्रश्न लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्याच्या मुदतीचा होता, घरभाड्याचा नव्हता. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत, असे न्यायालयाने सांगितले आणि १३ नोव्हेंबर २००७ला सुरू झालेले तीन महिने १२ फेब्रुवारी २००८ला संपले, असे धरले. मोजण्याची रीत आपल्या उदाहरणातलीच आहे. घरमालकाने ३३० दिवसांचा हिशोब लावून १० मेला किल्ली मागितली, तर भाडेकरूचे चार दिवस जातात आणि त्या चार दिवसांचे भाडे त्याने भरलेले असते.

१५ मे म्हणणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या बाजूने कायद्यात खरोखर आधार आहे, म्हणून हा गैरसमज नीट समजून घेतला पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम ११०नुसार भाडेपट्ट्याची मुदत अमुक दिवसापासून सुरू होते असे लिहिले असेल, तर मोजताना तो दिवस सोडून द्यायचा. म्हणजे ‘१५ जूनपासून अकरा महिने’ एवढेच लिहून शेवटची तारीख कोरी ठेवली, तर मोजणी १६ जूनपासून होते आणि मुदत १५ मेच्या अखेरीपर्यंत जाते. हे कलम भाडेपट्ट्यासाठी आहे. आपल्याकडे अकरा महिन्यांसाठी जो कागद होतो तो बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ असतो, आणि त्याला हे कलम थेट लागू होत नाही. तिथे दस्तात काय लिहिले आहे त्यालाच महत्त्व. दोन्ही तारखा लिहिल्या, की ही शंकाच उरत नाही. कलमाच्या हिशोबात पक्षकारांना अडकावे लागते ते फक्त तारीख न लिहिल्यामुळे.

महिनाअखेरीला संपवण्याचा आग्रह मात्र कायद्यातून आलेला नाही, तो भाड्याच्या वहीतून आला आहे. एक तारखेला भाडे घ्यायची सवय, म्हणून करारही महिन्याच्या शेवटी संपावा असे वाटते. ३० एप्रिल धरला, तर मुदत साडेदहा महिन्यांच्या आसपास भरते आणि १ ते १४ मे हे भाडेकरूचे दिवस बुडतात. ३१ मे धरला, तर अकरा महिन्यांवर १७ दिवस चढतात. दोघांनाही ३१ मेच हवा असेल तर हरकत नाही. पण मग ‘अकरा महिने’ हे शब्द काढून दोन तारखाच लिहाव्यात. कागदात शब्द एक सांगतो आणि तारीख दुसरे, तेव्हा पुढचा वाद तिथूनच सुरू होतो.

भाडे एक तारखेलाच घ्यायचे असेल, तर त्यासाठी मुदत वाकवायची गरज नाही. महिना ४,५०० रुपये भाडे धरा. जूनचे १६ दिवस राहतात, त्यांचे तीसच्या हिशोबाने २,४०० रुपये. जुलै ते एप्रिल असे दहा पूर्ण महिने, त्यांचे ४५,०००. मेचे १४ दिवस तीसच्याच हिशोबाने २,१००. बेरीज ४९,५००, म्हणजे बरोबर अकरा महिन्यांचे भाडे. मे ३१ दिवसांचा म्हणून त्या १४ दिवसांना ३१ने भागले, तर २,०३२ रुपये येतात आणि ६८ रुपये कमी पडतात. रक्कम लहान आहे. पण अनामत परत करताना वाद व्हायला तेवढी पुरते. म्हणून तुटक दिवसांचा हिशोब तीस दिवसांच्या महिन्याने करायचा, हे एक वाक्य करारात असावे.

आणखी एक चूक नेहमी दिसते. मुद्रांक ९ जूनला घेतला, सह्या १२ला झाल्या, दस्त २० तारखेला पंढरपूरला नोंदला, मग अकरा महिने यांपैकी कोणत्या दिवसापासून धरायचे? यांपैकी कोणत्याही नाही. करारात सुरुवातीची म्हणून जी तारीख लिहिली आहे तिथूनच. भाडेपट्ट्यात तशी तारीखच नसेल, तर कलम ११०नुसार करार झाला त्या दिवसापासून.

नोंदणीविषयीही गैरसमज आहे. १९०८च्या नोंदणी अधिनियमात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, आणि अकरा महिन्यांची प्रथा त्यातूनच आली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जिथे लागू आहे, तिथे कलम ५५नुसार अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदलेला लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. हा अधिनियम अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांना लागू होतो, म्हणून आपल्या गावाचे नाव त्यात आहे का, हे आधी पाहावे. लागू असलेल्या ठिकाणी राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम २४ प्रमाणे ठरलेल्या रकमेच्या दुपटीने भरपाई द्यावी लागते. म्हणजे १४ की १५, या एका दिवसाला पैशांत किंमत आहे.

महिन्याच्या अगदी शेवटी सुरू होणाऱ्या करारात गंमत वेगळी. २९ मार्च २०२५ला सुरू झालेला करार २८ फेब्रुवारी २०२६ला संपतो. ३० आणि ३१ मार्चला सुरू झालेलेही त्याच दिवशी, कारण त्या वर्षीच्या फेब्रुवारीत २९ आणि ३० तारखाच नाहीत. १ एप्रिलला सुरू झालेलाही तिथेच येतो. अशा वेळी बोटांवर मोजण्यापेक्षा तारीख ठरवून लिहिणे उत्तम.

जूनमधल्या करारात शाळेच्या सुट्टीचाही विचार करावा. १४ मे उन्हाळी सुट्टीत येतो. शिक्षक तेव्हा आपल्या गावी असतो, घरमालक किल्लीची वाट पाहत असतो. म्हणून करारात हे वाक्य टाकावे: ‘मुदत अकरा महिने, दि. १५ जून २०२५ ते दि. १४ मे २०२६, दोन्ही दिवस धरून. घराचा ताबा व किल्ली १४ मे रोजी सायंकाळी सहापर्यंत घरमालकाकडे किंवा त्यांनी लेखी नेमलेल्या व्यक्तीकडे देण्यात येईल.’