नागपूरकरांनो, मॅडमना ‘तुम्ही’ चालतं!

१९५६पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. हिंदी इथे आजही घरोघरी कानावर पडते, आणि हिंदीत ‘तुम’पेक्षा ‘आप’ मोठं. म्हणून इथली मुलं मॅडमना लिहिताना ‘तुम्ही’ला कचरतात. मराठीत ‘तुम्ही’ पूर्ण आदराचंच आहे. ‘आपण’ अधिक औपचारिक, निमंत्रणात शोभतं.

हा मेसेज बघा: “मॅडम, आपण उद्या या. तुमचं भाषण आहे. सरने सांगितलं की वेळेवर पोहोचा.”

‘आपण’ आणि ‘तुमचं’ यांची सरमिसळ झालीय. ‘या’, ‘पोहोचा’ ही रूपं आदरार्थीच, पण सूर हुकमाचा. खरा घोटाळा ‘सरने’मध्ये आहे. समोरच्याला मान देताना ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांचा मान राहून जातो. ‘सरांनी’, ‘मॅडमनी’ लिहा. ‘मॅडम आली’ नको, ‘मॅडम आल्या’.

आता असं: “मॅडम, उद्या सायंकाळी ५ वाजता तुम्हाला यायला जमेल का? तुमचं भाषण ठेवलं आहे. कार्यक्रम वेळेवर सुरू करायला सरांनी सांगितलं आहे.”

‘आपण’च हवं असेल तर शेवटपर्यंत सांभाळा: आपण याल का, आपल्याला, आपलं भाषण. फक्त ‘आपण ५ वाजता निघू’सारखं वाक्य त्यात येऊ देऊ नका, तिथे ‘आपण’ म्हणजे दोघंही.