तीन सेकंदांचा एक सेकंद

STM32F407 डिस्कव्हरी या बोर्डावर सेकंदाला एकदा लुकलुकायला हवा असलेला दिवा तीन सेकंदांहून थोड्या जास्त वेळाने लुकलुकतो. संगणकाच्या पडद्यावर अक्षरांऐवजी कचरा उमटतो. वायर, ड्रायव्हर, केबल सगळं तपासून होतं, आणि दोष मात्र एका आकड्यात असतो.

या बोर्डावरच्या स्फटिकाचे ठोके सेकंदाला ८० लाख, म्हणजे ८ मेगाहर्ट्झ. चिप मात्र १६८ मेगाहर्ट्झने चालवायची असते. मधलं काम पीएलएल करतं. त्यात वेग बदलता येणारा एक दोलक असतो. त्याच्या ठोक्यांना एका संख्येने भागून ते आलेल्या ठोक्यांशी ताडलं जातं आणि फरक दिसला की दोलकाचा वेग सुधारला जातो. इथला हिशेब असा: ८ ला आधी `PLL_M` ने, म्हणजे ८ ने, भागून १, त्याला ३३६ ने गुणून ३३६, मग २ ने भागून १६८.

उत्पादकाच्या जुन्या तयार फायलीत मात्र स्फटिक २५ मेगाहर्ट्झचा धरलेला असतो आणि `PLL_M` ही २५. ती फाइल जशीच्या तशी उचलली, की ८ भागिले २५ म्हणजे ०.३२ होतं आणि शेवटी चिपला ५३.७६ मेगाहर्ट्झ मिळतात. पीएलएलला किमान ०.९५ मेगाहर्ट्झ द्यावा असं माहितीपत्रक सांगतं. तरीही ते बहुधा चालतं, आणि घोळ तिथेच वाढतो. मुकाट बंद पडलं असतं तर बरं झालं असतं!

मग कोणीतरी `PLL_M` ८ करतो. चिप खरोखर १६८ ने धावू लागते, पण दिवा तसाच आळशी राहतो. कारण हिशेब दोन जागी असतो. लायब्ररी घड्याळाचा वेग प्रत्यक्ष मोजत नाही. `HSE_VALUE` वाचून तो काढते. तिथे अजून २५ मेगाहर्ट्झ असल्याने तिच्या लेखी चिप ५२५ ने धावत असते. ती सगळे भाजक ३.१२५ पट मोठे ठेवते आणि ११५२०० चा सीरियल वेग ३६८६४ वर येतो. टर्मिनलचा वेग ३६८६४ ठेवून मजकूर स्वच्छ दिसला, तर निदान पक्कं.

दोन्ही दोषांची लक्षणं अगदी एकसारखी, म्हणून मोजमापच हवं. `PA8` या पायावर पीएलएलचा वेग चौथाई करून बाहेर काढता येतो. ऑसिलोस्कोपवर १३.४४ मेगाहर्ट्झ दिसले, तर चूक पीएलएलमध्ये. ४२ दिसले, तर चिप ठीक आणि लायब्ररी चुकीची. दुरुस्ती दोन ओळींची, पण दोन्ही हव्यात:

```c
#define HSE_VALUE 8000000
#define PLL_M     8
```