‘गुड फेथ’चे कोरियन रूप आणि एक वाद

इंग्रजी करारातला ‘गुड फेथ’ हा शब्दप्रयोग कोरियनमध्ये नेताना अनुवादक आणि कायदेतज्ज्ञ यांच्यात खटका उडू शकतो. शब्दकोशात त्यासाठी ‘सॉनुई’ हा शब्द सापडतो. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ चांगला हेतू. कोरियन दिवाणी कायद्यात मात्र ‘सॉनुई’ म्हणजे एखादी गोष्ट माहीत नसणे. तिथे हेतू भला की बुरा, हा प्रश्नच नसतो.

समजा, एका विक्री करारात ‘वाद उद्भवल्यास पक्षांनी गुड फेथने वाटाघाटी कराव्यात’ असे कलम आहे आणि अनुवादकाने ‘सॉनुई’ लिहिले. तज्ज्ञाची हरकत रास्त आहे, कारण कायद्याच्या भाषेत त्या वाक्याचा अर्थ ‘अनभिज्ञ राहून वाटाघाटी कराव्यात’ असा काहीतरी होतो. त्याच्या मते इथे ‘शिनुई-सॉंगशिल’ हवे, म्हणजे परस्परविश्वास राखून प्रामाणिकपणे वागणे. दिवाणी कायद्याच्या कलम 2 मध्ये हक्क बजावण्याचे आणि कर्तव्य पाळण्याचे तत्त्व हेच आहे. पण तज्ज्ञ पुढे जाऊन करारभर हाच शब्द घाला म्हणू लागला, तर अनुवादकाने अडून बसावे. त्याच करारात ‘गुड फेथने माल विकत घेणारा तिऱ्हाईत’ असेल, तर तिथे ‘सॉनुई’च बरोबर. कलम 249 प्रमाणे विकणारा खरा मालक नव्हता हे ज्याला निष्काळजीपणाशिवाय माहीत नव्हते, त्याला काही अटींवर जंगम वस्तूची मालकी मिळते.

म्हणून वाद शब्दावर नव्हे, एकेका कलमावर सोडवावा लागतो. दोघांनी आपापला पर्याय घातलेले वाक्य लिहून न्यायाधीश त्यातून कोणते कर्तव्य काढेल ते मांडले, की बराचसा वाद तिथेच मिटतो. उरलेल्यासाठी प्रस्थापित कोरियन पाठ पाहावा. आंतरराष्ट्रीय माल विक्रीचा संयुक्त राष्ट्रांचा 1980 चा करार कोरियात 1 मार्च 2005 पासून लागू आहे. त्याच्या कलम 7 च्या कोरियन पाठात ‘शिनुई’ आहे. अर्थात त्या करारात कोरियन ही अधिकृत भाषा नाही, त्यामुळे तो पाठ मार्गदर्शक ठरतो, निर्णायक नव्हे.

खरी अडचण वेगळीच असते. मूळ करार इंग्लंडच्या कायद्याखाली असेल, तर तिथे सर्व करारांना लागू होणारे असे सर्वसाधारण कर्तव्य मानले जात नाही. ‘शिनुई-सॉंगशिल’ वाचणारा कोरियन वकील त्याहून व्यापक बंधन गृहीत धरेल. करारातच व्याख्या दिली असेल तर तीच पाळावी. नसेल तर मसुदा करणाऱ्याला विचारावे, आणि तोही सांगू शकला नाही तर कोरियन शब्दाशेजारी मूळ इंग्रजी शब्द कंसात ठेवावा. कायदेशीर परिणाम काय, हे तज्ज्ञाने ठरवावे. वाक्य कसे बसवायचे, हे अनुवादकाने.

ठरलेला पर्याय कलम क्रमांकासह आणि कारणासह शब्दसूचीत नोंदवतात. नुसता शब्द नोंदवला, तर पुढचा अनुवादक तो सर्वत्र चिकटवतो.