कैफियतीतला दावा

समन्स हाती पडलं की प्रतिवादीला आधी स्वतःवर झालेला अन्याय सांगायचा असतो. वकीलही तो कैफियतीत सविस्तर लिहितात आणि शेवटी नेहमीची विनंती करतात, ‘वादीचा दावा खर्चासह फेटाळण्यात यावा.’ पुढे दावा खरंच फेटाळला जातो, पण प्रतिवादीच्या हाती मात्र एक रुपयाही लागत नाही. त्याने पैसे मागितलेलेच नसतात. नुकसान झालं असं सांगणं आणि ते भरून मागणं, या दोन गोष्टींत कोर्ट काटेकोर फरक करतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घर बांधून देणारा कंत्राटदार घरमालकावर 2,80,000 रुपयांच्या शिल्लक बिलाचा दावा लावतो. काम 20 नोव्हेंबर 2022 रोजी संपलं आणि दावा 14 नोव्हेंबर 2025 रोजी दाखल झाला, म्हणजे तीन वर्षांची मुदत संपायला आठवडाही उरला नव्हता. मालकाचं म्हणणं वेगळं आहे. करारात दोन वर्षं स्लॅब गळणार नाही अशी हमी होती. जून 2024च्या पावसात स्लॅब गळला, ऑगस्टमध्ये कंत्राटदाराने दुरुस्तीला नकार दिला आणि मालकाने 1,90,000 रुपये घालून ती दुसऱ्याकडून करून घेतली. शिवाय कंपाउंडच्या भिंतीसाठी कंत्राटदाराने 60,000 रुपये आगाऊ घेतले होते. भिंत 30 नोव्हेंबर 2022पर्यंत उभी करायची ठरलं होतं, ती झालीच नाही.

मालकाला समन्स मिळालं 8 डिसेंबर 2025 रोजी. कैफियत द्यायला साधारण तीस दिवस असतात. कारण दाखवलं तर कोर्ट ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं. या कैफियतीतच मालकाला कंत्राटदाराविरुद्ध आपली मागणी मांडता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 मधला नियम 6-अ ही सोय देतो. 1976च्या दुरुस्तीने तो संहितेत आला. तो प्रतिदाव्याला उलट दाव्याइतकंच वजन देतो आणि त्याला वादपत्राचे सगळे नियम लावतो. प्रतिदावा कसा लिहायचा याचं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे.

म्हणून कैफियतीचे दोन भाग स्पष्ट दिसले पाहिजेत. पहिल्या भागात वादपत्राच्या परिच्छेदांना क्रमाने उत्तर द्यायचं: हे मान्य, हे नाकबूल, हे अशा कारणाने खोटं. तिथे थांबून ‘प्रतिदावा’ असं ठळक शीर्षक द्यायचं आणि आपण ही मागणी प्रतिदावा म्हणून करत आहोत असं शब्दांत लिहायचं. ते लिहिणं नियम 6-ब नुसार आवश्यकच आहे. पुढचा मजकूर स्वतंत्र दावा लिहितोय असं समजूनच लिहावा. कराराची तारीख, हमीचं कलम, गळती कधी दिसली, नोटीस कधी दिली, नकार कधी मिळाला, दुरुस्ती कोणी केली, पावत्या कोणत्या, सारं तपशीलवार यायला हवं. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ एवढ्यावर भागवू नये. नंतर दाव्यास कारण कधी घडलं, या कोर्टाला अधिकार कसा आहे, मागणीचं मूल्यांकन किती आणि त्यावर कोर्ट फी किती भरली, हे सांगायचं. शेवटी नेमकी विनंती: वादीने 1,90,000 रुपये अमुक तारखेपासून व्याजासह द्यावेत. मजकूर खरा असल्याची सही-प्रतिज्ञा आणि कागदपत्रांची यादी जोडली की प्रतिदावा पुरा होतो. कोर्ट फी भरली नाही किंवा दाव्यास कारण दिसलं नाही, तर वादपत्रासारखाच प्रतिदावाही नामंजूर होऊ शकतो.

आता भिंतीचे 60,000 रुपये. अनेकांना वाटतं, समोरच्याचा दावा मुदतीत आहे म्हणजे आपलीही मागणी मुदतीत आहे. तसं नाही. मुदत कायद्याच्या कलम 3 नुसार प्रतिदावा ज्या दिवशी कोर्टात मांडला जातो, त्याच दिवशी तो दाखल झाला असं धरतात. भिंतीची मुदत 30 नोव्हेंबर 2025 रोजी संपली, समन्स आठवडाभराने आलं. ती रक्कम आता वसूल करता येत नाही. हिशेबात ती धरावी, असा बचाव कंत्राटदाराच्या मागणीपुरता मांडून पाहता येईल, एवढंच. स्लॅबची गोष्ट मात्र जिवंत आहे, कारण हमी मोडली गेली ती ऑगस्ट 2024 मध्ये आणि तिथून तीन वर्षं आहेत. एकाच कैफियतीत एक मागणी तगते आणि दुसरी मरते. मला हा नियम कठोर वाटतो. समन्सची वाट पाहत बसणाऱ्या माणसाचंच त्यात नुकसान होतं आणि मुदतीच्या अगदी टोकाला दावा लावणाऱ्याला फायदा मिळतो. म्हणून भांडण दिसताच आपल्या प्रत्येक मागणीची तारीख वेगवेगळी मोजावी.

कैफियत देऊन झाली आणि प्रतिदावा राहिला, तर? मागणीचं कारण कैफियतीच्या मुदतीआधी घडलेलं असेल, तर कोर्ट नंतरही परवानगी देऊ शकतं. पण सर्वोच्च न्यायालयाने अशोक कुमार कालरा प्रकरणात 2019 मध्ये सीमा आखली आहे: कोर्टाने मुद्दे काढल्यानंतर प्रतिदावा सहसा घेतला जाणार नाही. मग उरतो तो स्वतंत्र दावा.

स्वतंत्र दावा हा दुय्यम मार्ग मात्र नाही, काही वेळा तोच योग्य असतो. स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचं काम तिसऱ्याच एजन्सीने केलं असेल आणि मालकाला तिच्याकडूनही भरपाई हवी असेल, तर कंत्राटदाराच्या दाव्यातला प्रतिदावा अपुरा पडतो, कारण तो मुळात वादीविरुद्ध असतो. मागणी त्या कोर्टाच्या आर्थिक अधिकारापेक्षा मोठी असेल, तरी प्रतिदावा चालत नाही. कंत्राटदारही मुद्दे निघण्यापूर्वी अर्ज करून म्हणू शकतो की हा विषय वेगळ्या दाव्यात चालावा. वेगळा दावा लावला तर तो कदाचित दुसऱ्या न्यायाधीशांकडे जाईल, त्याच पावत्या आणि तेच साक्षीदार दोनदा तपासावे लागतील. दोन्ही एकत्र चालवण्याचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही. कोर्ट फी दोन्हीकडे भरावीच लागते, त्यामुळे प्रतिदाव्यात पैसे वाचतील ही समजूत चुकीची आहे. वाचतो तो वेळ आणि एकाच गळतीबद्दल दोन कोर्टांनी उलटसुलट निष्कर्ष काढण्याचा धोका.

प्रतिदावा दाखल झाला की कंत्राटदाराला त्यावर स्वतःची कैफियत द्यावी लागते. ती त्याने दिली नाही, तर कोर्ट मालकाच्या बाजूने निकालही देऊ शकतं. घाबरून त्याने मूळ दावा सोडून दिला, तरी प्रतिदावा पुढे चालू राहतो. समजा पुराव्याअंती बिलाचे 2,00,000 खरे ठरले आणि दुरुस्तीचे 1,50,000. तर एकाच निकालात दोन्ही रकमा येतात आणि मालकाला फक्त 50,000 रुपये द्यावे लागतात.

निकाल उलटा गेला, तर मालकाने आणखी एक गोष्ट जपावी. कंत्राटदाराचा दावा मंजूर आणि प्रतिदावा नामंजूर झाला असेल, तर नामंजुरी हाही स्वतंत्र हुकूमनामाच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये रजनी रानी प्रकरणात स्पष्ट केलं. केवळ दाव्याच्या निकालाविरुद्ध अपील केलं, तर स्लॅब गळत नव्हता हा प्रतिदाव्यातला निष्कर्ष अंतिम होतो आणि तोच पहिल्या अपिलात आडवा येऊ शकतो. म्हणून दोन्ही हुकूमनाम्यांच्या प्रती मागून घ्याव्यात, दोन्हींना आव्हान द्यावं आणि अपिलाची मुदत दोन्हींसाठी पाळावी.